तानसेनच्या कबरीपाशी हरिकथा का?

प्रश्न: ग्वाल्हेरला तानसेन समारोहात कबरीपाशी हरिकथा होते म्हणे. तानसेन हिंदू की मुसलमान?

उत्तर: एका शब्दात सांगता येणार नाही, आणि समारोहाची सकाळही ते ठरवत नाही. आधी शहनाई वाजते. मग ढोलीबुवा मठाचे महाराज हरिकथा करतात. हा मठ नाथपंथी आहे, आपल्या मराठी मंडळींच्या ओळखीचा. त्यानंतर मौलाना मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचं स्तवन, वाचतात आणि कबरीवर चादर चढते. गाण्याच्या बैठका त्यानंतर. फक्त संध्याकाळी गेलात तर हे सगळं हुकतं.

याला लोक सरसकट ‘संगम’ म्हणतात, ते मला ढिसाळ वाटतं. हरिकथा हरिकथाच राहते, मिलाद मिलादच. जागा मात्र एकच. खरी सरमिसळ शेजारच्या मोठ्या, जाळीदार मकबऱ्यातल्या मुहम्मद गौस यांच्याकडे सापडते. शत्तारी या सूफी पंथाच्या गौस यांनी ‘अमृतकुंड’ हा योगग्रंथ ‘बहर-उल-हयात’ नावाने फारसीत आणला, आसनं आणि प्राणायामासकट. पण मंत्रांच्या जागी अल्लाहची अरबी नावं बसवली. म्हणजे साधना योग्यांची, जप सूफींचा. हा ग्रंथ कोणत्या धर्माच्या कपाटात ठेवाल?