माइनक्राफ्ट सर्व्हर ताब्यात घेताना जुन्या ॲडमिनकडून काय लिहून घ्यायचं

> "आमच्या माइनक्राफ्ट सर्व्हरचा ॲडमिन नोकरीमुळे सोडतोय, आता मी बघणार आहे. पेपर १.२१, भाड्याचा व्हीपीएस, २५-३० जण खेळतात. हँडओव्हर नोटमध्ये काय काय लिहून घेऊ? बॅकअपची काळजी नको, होस्टवाला रोज घेतो असं तो म्हणतोय."

शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, कारण अगदी हेच वाक्य आम्हालाही ऐकवलं होतं. मी व्यवसायाने सिस्टिम ॲडमिन नाही, त्यामुळे कुणाला यात सुधारणा सुचवायची असेल तर जरूर सुचवा.

नोटमध्ये सगळ्यात वर, आयपी आणि पोर्टच्याही आधी, हे लिहून घ्या: होस्टिंगचं खातं कुणाच्या नावावर आहे, कुठल्या ईमेलवर आहे, पैसे कुणाच्या कार्डातून जातात आणि पुढचं बिल कधी. डोमेनचंही हेच सगळं वेगळं लिहून घ्या, ते बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीकडे असतं.

आमच्याकडे खातं जुन्या ॲडमिनच्या कॉलेजच्या ईमेलवर होतं. तो पास होऊन बाहेर गेला, कॉलेजने ईमेल बंद केला, मग त्याच्या कार्डाची मुदत संपली आणि बिलाच्या आठवणी त्या बंद पेटीत जात राहिल्या. एके दिवशी सर्व्हर सस्पेंड. आम्ही कंपनीला लिहिलं की थकलेले पैसे आत्ता भरतो, पुढचं वर्षही आगाऊ भरतो. उत्तर आलं, विनंती खात्यावरच्या ईमेलवरूनच यायला हवी. जुन्या ॲडमिनने स्वतः दुसऱ्या ईमेलवरून लिहिलं, जुनी बिलं जोडली, ओळखपत्र दाखवायलाही तयार होता, तरी प्रत्येक वेळी नवा माणूस तिकीट उघडून तेच छापील उत्तर पाठवायचा आणि ओटीपी पाठवायचा त्याच बंद पेटीवर! सुरक्षेचा नियम मला समजतो, पण हे मिटेपर्यंत निदान डेटा तरी राखून ठेवा एवढंच आम्ही मागत होतो, तेही नाही केलं. पैसे भरायची मुदत संपली, सर्व्हर पुसला गेला, आणि ते 'रोजचे बॅकअप' त्याच खात्यात होते म्हणून तेही सोबत गेले. एका मुलाने आपलं बांधकाम दाखवायला वर्ल्ड लॅपटॉपवर उतरवून ठेवलं होतं, त्या कित्येक महिने जुन्या कॉपीवर परत सुरुवात केली. निम्मी मंडळी परत आलीच नाहीत.

म्हणून माझं ठाम मत, होस्टच्या बॅकअपला बॅकअप म्हणू नका. असला तर चांगलंच, पण खरा बॅकअप तो जो वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या खात्यात किंवा घरच्या डिस्कवर आहे आणि ज्याची चावी दोन माणसांकडे आहे. आणि खात्याला कुणाचा खाजगी ईमेल नको, सर्व्हरसाठी वेगळा काढा, टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोड कागदावर घ्या. जुना ॲडमिन अजून हाताशी आहे तोवरच हे बदलून घ्या, नंतर तोही काही करू शकत नाही.

आता बॅकअप घ्यायचा कसा. चालू सर्व्हरचं फोल्डर नुसतं कॉपी केलं तर काही चंक डिस्कवर, काही अजून मेमरीत, अशी अर्धवट कॉपी मिळते. ती तेव्हा ठीक दिसते, रिस्टोअर केल्यावर जमिनीत चौकोनी भगदाडं दिसतात. म्हणून आधी सेव्हिंग थांबवायचं, मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायचं, मग कॉपी. आमची स्क्रिप्ट साधारण अशी आहे (सर्व्हरला बाहेरून कमांड द्यायच्या आरकॉनचा पासवर्ड `MCRCON_PASS` या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलाय):

```
#!/bin/bash
trap 'mcrcon save-on' EXIT
mcrcon save-off "save-all flush"
tar -czf /backup/mc-$(date +%F-%H%M).tar.gz -C /srv/mc \
  world world_nether world_the_end plugins \
  server.properties ops.json whitelist.json
```

`trap` ची ओळ काढू नका. मध्येच डिस्क भरून `tar` पडलं तरी तिच्यामुळे सेव्हिंग परत चालू होतं. नाहीतर सर्व्हर `save-off` मध्येच चालत राहतो, खेळणाऱ्यांना काही कळत नाही, आणि पुढे क्रॅश झाला की तेव्हापासूनचं सगळं गेलं. बॅकअपची ही फाइल लगेच बाहेरच्या जागी पाठवायची, त्यासाठी आम्ही आरक्लोन वापरतो. प्लगिनचे डेटाबेस मात्र `save-off` ने थांबत नाहीत, त्यामुळे आठवड्यातून एकदा सर्व्हर पूर्ण बंद करून एक कॉपी घ्या.

रोज सकाळी मी दोनच गोष्टी बघतो: कालच्या फाइलचा आकार आणि `df -h` ने डिस्कवर उरलेली जागा. वर्ल्ड सहसा वाढतच जातं, तेव्हा आकार एकदम खाली आला तर काहीतरी सुटलंय समजायचं.

आणि रिस्टोअर करून बघा, जुना ॲडमिन असतानाच, त्याच्यासमोर. पूर्ण वर्ल्ड मागे न्यायची वेळ क्वचित येते, बहुतेकदा कुणाचं तरी घर उडालेलं असतं. आधी कोअरप्रोटेक्ट प्लगिनचं रोलबॅक करून बघा. त्याने नाही भागलं तर तेवढाच तुकडा बदलता येतो. समजा घर X १२५०, Z -८४० वर आहे. एक रीजन फाइल ५१२ बाय ५१२ ब्लॉकची, म्हणून दोन्ही आकड्यांना ५१२ ने भागायचं आणि खालचा पूर्णांक घ्यायचा. १२५० चे येतात २.४४, म्हणजे २. -८४० चे येतात -१.६४, म्हणजे -२ (इथेच लोक -१ घेऊन शेजारच्याचं घर मागे नेतात). फाइल झाली `r.2.-2.mca`. सर्व्हर बंद करा, आत्ताची फाइल बाजूला ठेवा, बॅकअपमधली `world/region` मध्ये टाका. `world/entities` मधली त्याच नावाची फाइलही बदला, गावकरी, प्राणी आणि आयटम फ्रेम त्यात असतात. त्या चौकोनातलं बाकीच्यांचं बांधकामही मागे जाणार, तेव्हा आधी सगळ्यांना सांगून ठेवा.

ॲक्सेसचं म्हणाल तर `ops.json` आणि एसएसएचच्या चाव्या तुम्ही बघालच. लोक विसरतात ते डिस्कॉर्ड. DiscordSRV प्लगिनने डिस्कॉर्डवर कन्सोल चॅनल जोडलेलं असेल तर त्या चॅनलमध्ये लिहू शकणारा प्रत्येक जण थेट सर्व्हर कन्सोलवर कमांड देतो, तो ऑप असो वा नसो. त्या चॅनलमध्ये कोण आहे ते एकेक नाव बघा, नाहीतर चॅनलच काढून टाका. बॉटचा टोकन आणि आरकॉनचा पासवर्ड दोन्ही नवे करा, जुन्या ॲडमिनवर कितीही विश्वास असला तरी, यात त्यालाही वाईट वाटायचं कारण नाही. आरकॉनचं पोर्ट २५५७५ बाहेरून बंदच ठेवा, पासवर्ड त्यावरून उघडा जातो.

जाता जाता अजून एक, व्हर्जन वाढवायच्या आधीचा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, जिथे जुन्या फाइल आपोआप पुसणारी स्क्रिप्ट पोचणार नाही. नव्या व्हर्जनमध्ये उघडलेलं वर्ल्ड जुन्यात परत नेता येत नाही, आणि एखादं प्लगिन मोडलंय हे बऱ्याचदा दोन आठवड्यांनी कळतं.