ग्राफवर चढ ०.९ येतो आणि उत्तर मात्र १.८: नेमकं काय चुकतं?

प्रश्न: ५F = ९C + १६० या समीकरणाची रेषा ग्राफ पेपरवर काढली. आडव्या अक्षावर सेल्सिअस, उभ्यावर फॅरनहाइट. चौकोन मोजून चढ काढला तर ०.९ येतो, पुस्तकात १.८ आहे. शिवाय रेषा उभ्या अक्षाला ३० आणि ३३ च्या मधे कुठेतरी छेदते, नेमका आकडा वाचता येत नाही. रेषा चुकली की वाचन?

उत्तर: रेषा बहुधा बरोबर आहे. चूक वाचनात आहे, आणि वाचन अवघड झालंय ते प्रमाण गैरसोयीचं निवडल्यामुळे. तुम्ही प्रमाण लिहिलेलं नाही, पण दिलेल्या आकड्यांवरून ते ओळखता येतं. ३० नंतरची बारीक रेघ ३३ ची आहे, म्हणजे उभ्या अक्षावर १ मिमी = ३ अंश, अर्थात १ सेमी = ३० अंश. चढ बरोबर निम्मा आला, म्हणजे आडव्या अक्षावरचं प्रमाण याच्या निम्मं, १ सेमी = १५ अंश, असणार.

तुम्ही मोजलेला ०.९ हा कागदावरच्या रेषेचा तिरकेपणा आहे, समीकरणाचा चढ नव्हे. उभा एक चौकोन ३० अंशांचा आणि आडवा एक चौकोन १५ अंशांचा असेल, तर चौकोनाला चौकोनाने भागून आलेल्या संख्येला अजून ३०/१५ ने, म्हणजे २ ने गुणावं लागतं. ०.९ × २ = १.८. दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं असेल तेव्हाच नुसते चौकोन मोजून चालतं. कोनमापकाचंही तसंच. तुमच्या कागदावर रेषेचा कोन सुमारे ४२ अंश भरेल आणि tan ४२° = ०.९ येईल. समान प्रमाण घेतलं असतं तर तोच कोन जवळपास ६१ अंश भरला असता. म्हणून आलेखावरून चढ काढताना कोनमापक पेटीतच राहू द्या.

मी हीच रेषा पुन्हा काढायला सुचवेन, कारण १ सेमी = ३० या प्रमाणात ३२ कधीच रेघेवर येणार नाही. तो दहाव्या आणि अकराव्या मिलिमीटरच्या मधे पडतो आणि तिथे अंदाजाशिवाय इलाज नसतो. प्रमाण निवडताना १ सेमी म्हणजे १, २, ५ किंवा त्यांची दहापट, शंभरपट असं घ्यावं. मग एका मिलिमीटरची किंमत सुटसुटीत येते. ३, ६, ७ किंवा १५ घेतलं की प्रत्येक बिंदूला मनात भागाकार करत बसावं लागतं आणि तिथेच घोटाळा होतो.

इथे सेल्सिअस −२० ते १०० घेऊ. त्यासाठी फॅरनहाइट −४ ते २१२ लागेल. आडव्या अक्षावर १ सेमी = १० अंश सेल्सिअस आणि उभ्या अक्षावर १ सेमी = २० अंश फॅरनहाइट धरलं, तर आलेख साधारण १२ सेमी रुंद आणि तेवढाच उंच होतो, नेहमीच्या ग्राफ पेपरवर आरामात बसतो. आता आडवा १ मिमी म्हणजे १ अंश सेल्सिअस आणि उभा १ मिमी म्हणजे २ अंश फॅरनहाइट. ३२ बरोबर सोळाव्या रेघेवर येतो. आरंभबिंदू कागदाच्या कोपऱ्यात घेऊ नका. डावीकडे किमान ३ सेमी आणि खाली २ सेमी जागा सोडा, नाहीतर ऋण किमती मावणार नाहीत. उजव्या वरच्या कोपऱ्यात दोन्ही प्रमाणं एककांसह लिहून ठेवा. परीक्षेत मागतात म्हणून तर लिहायचीच, पण चढ काढताना ती डोळ्यांसमोर असली की चौकोन मोजायचा मोहही होत नाही.

ग्राफ पेपर घरी प्रिंट केलेला असेल तर त्यातला १ सेमीचा चौकोन पट्टीने मोजल्यास थोडा लहान भरू शकतो, कारण प्रिंटर पान आक्रसून छापतो. त्याने बिघडत काही नाही, फक्त अंतरं पट्टीने न मोजता कागदावरच्या रेघांनीच मोजा.

आता कोष्टक. दोन्ही बाजूंना ५ ने भागलं की F = १.८C + ३२. C च्या किमती ५ च्या पटीतल्या घेतल्या की F पूर्णांकात येतो. C = −२० ला F = −४, C = ० ला ३२, C = ५० ला १२२ आणि C = १०० ला २१२. उभ्या अक्षावर हे बिंदू अनुक्रमे २ मिमी खाली, १६ मिमी वर, ६१ मिमी वर आणि १०६ मिमी वर येतील.

रेषा ठरायला दोन बिंदू पुरतात हे खरं, पण दोन बिंदूंतून नेहमीच रेषा जाते. एखादा चुकला असेल तरी ते कळत नाही. तिसरा बिंदू रेषेबाहेर पडला की कुठेतरी आकडेमोड किंवा खूण चुकली हे लगेच दिसतं. मात्र तिसऱ्या बिंदूवर फार विसंबू नका. समजा तुम्ही फक्त ९C ला ५ ने भागलं आणि १६० ला भागायचं विसरलात. मग ० ला १६०, ५० ला २५०, १०० ला ३४० येतील. सगळेच बिंदू सारख्याच चुकीने वर सरकले, त्यामुळे रेषा झकास सरळ येईल, चढही १.८ च मिळेल, आणि उभ्या अक्षावरचा छेद मात्र १६०. अशी चूक पकडायला आधीपासून माहीत असलेला एखादा बिंदू लागतो. इथे तो आयताच आहे: बर्फ ३२ ला वितळतो आणि पाणी २१२ ला उकळतं. असा बिंदू हाताशी नसेल तर एक जोडी मूळ समीकरणात, म्हणजे ५F = ९C + १६० मध्ये घालून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहा, बदललेल्या समीकरणात नव्हे.

बिंदूसाठी टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपका द्या आणि भोवती लहान वर्तुळ करा, म्हणजे रेषा काढल्यावर तो हरवत नाही. पट्टी पारदर्शक असेल तर उत्तम, पट्टीखालचे बिंदूही दिसतात. पट्टी बिंदूंना अगदी चिकटवून ठेवू नका, पेन्सिलीच्या टोकाच्या जाडीइतकी जागा सोडा. रेषा शेवटच्या बिंदूंवर थांबवायची नाही, दोन्हीकडे थोडी पुढे न्यायची. बोथट पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तर या प्रमाणात ती एकटीच १ अंश फॅरनहाइट खाते.

आता चढाचं वाचन. रेषेवरचे दोन बिंदू निवडा, आणि ते एकमेकांपासून जितके लांब तितकं चांगलं. कोष्टकातलेच बिंदू घेतले तर तुम्ही आलेख वाचत नसून स्वतःचीच आकडेमोड परत उतरवत असता, म्हणून दुसरे घ्या. C = −१० च्या उभ्या रेघेवर रेषा ७ मिमी उंचीवर आहे, म्हणजे १४ अंश. C = ९० वर ती ९७ मिमीवर, म्हणजे १९४. या दोन बिंदूंमधून आडवी आणि उभी तुटक रेघ काढून काटकोन त्रिकोण पुरा करा आणि बाजूंवर चौकोनांची संख्या न लिहिता किमतींतला फरक लिहा. उभी बाजू १९४ − १४ = १८०, आडवी बाजू ९० − (−१०) = १००. चढ १८०/१०० = १.८. इथे ९० − १० = ८० असं करणारे पुष्कळ असतात, त्यांचा चढ २.२५ येतो. तुमचं उत्तर कधी २.२५ आलं तर आधी हे ऋण चिन्ह तपासा.

लांबचे बिंदू का, तेही पाहू. वाचताना १ मिमीची चूक सहज होते, म्हणजे २ अंश फॅरनहाइट. त्रिकोणाचा पाया फक्त १ सेमी, म्हणजे १० अंश, घेतला तर उभा फरक १८ ऐवजी १६ किंवा २० वाचला जाईल आणि चढ १.६ ते २.० यांपैकी काहीही येईल. पाया १०० अंशांचा घेतला तर तीच चूक १७८ ते १८२ अशी दिसते आणि चढ १.७८ ते १.८२ मध्येच राहतो. त्रिकोण मोठा घ्या असं शिक्षक बजावतात ते याचसाठी. आणि चढाला एकक असतं हे विसरू नका: दर अंश सेल्सिअसला १.८ अंश फॅरनहाइट.

इंटरसेप्ट, म्हणजे उभ्या अक्षावरचा छेद, वाचणं तुलनेने सोपं, पण एक अट पाळावी लागते. रेषा ज्या उभ्या रेघेला छेदते ती C = ० ची असली पाहिजे. जागा वाचवायला कोणी आडवा अक्ष २० पासून सुरू केला, तर रेषा डाव्या कडेला ६८ वर छेदेल. तो ६८ हा इंटरसेप्ट नव्हे, ती २० अंश सेल्सिअसची फॅरनहाइट किंमत आहे. अशा आलेखात चढ आधी काढायचा आणि रेषेवरचा एखादा बिंदू घेऊन आकडेमोड करायची: १९४ − १.८ × ९० = १९४ − १६२ = ३२.

पडताळणीसाठी रेषा आडव्या अक्षाला कुठे छेदते तेही वाचा. ती डावीकडे १७ आणि १८ मिमीच्या मधे, १८ च्या जवळ छेदायला हवी, कारण −३२/१.८ = −१७.८. हा आकडा मात्र रेघेवर येणार नाही, तिथे मिलिमीटरचे दशांश डोळ्यांनी ठरवावे लागतात. −१७.५ ते −१८ वाचलं तरी रेषा ठीक समजा. −१६ किंवा −२० आलं तर पट्टी सरकली असणार.

एखाद्याने अक्षांची अदलाबदल करून F आडवा आणि C उभा घेतला, तर चढ ५/९, म्हणजे सुमारे ०.५६, आणि उभ्या अक्षावरचा छेद −१७.८ येईल. तेही चूक नाही, पण मग ते C = (५/९)F − १७.८ या मांडणीचे आकडे असतात. पुस्तकातल्या १.८ आणि ३२ शी ते ताडून पाहायचे नसतात.