नंबर जुळला, पण हिरा तोच का?

मडगावच्या सराफाने अंगठीशेजारी जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट ठेवला, तर दहापट भिंग मागा आणि हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला नंबर वाचा. कधी तो कोंदणाच्या नखाखाली लपतो. मग तो नंबर स्वतः जीआयएच्या संकेतस्थळावर टाका. बरेच जण इथे थांबतात; तुम्ही थांबू नका. नंबर खोटाही कोरता येतो. 2021 मध्ये जीआयएने नैसर्गिक हिऱ्यांचे नंबर कोरलेले, प्रयोगशाळेत बनवलेले हिरे उघड केले होते. म्हणून व्यास मोजून घ्या. रिपोर्टात 6.45–6.48 मिलिमीटर आणि खडा 6.60 भरला, तर तो वेगळाच. माप जुळलं तरी खडा नैसर्गिक आहे की नाही, हे भिंग सांगत नाही. रक्कम मोठी असेल तर खडा सुटा करून प्रयोगशाळेत तपासण्याची अट आधीच घाला.