आधी आठवडा नक्की कर

प्रिय डॉक्टर,

पुढच्या आठवड्यात तू एनआयसीयूत रुजू होतेस. पहिल्याच रात्री कुणीतरी विचारेल, "बाळ वाचेल ना?" उत्तर देण्याआधी आठवडा नक्की कर. नातेवाईक "सातवा महिना" म्हणतील, पण महिन्यांवर जाऊ नकोस. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलं, तर ते बाळ अपुऱ्या दिवसांचं. ३६ आठवडे ६ दिवसांचंसुद्धा त्यातच आलं.

एक उदाहरण देते. आई म्हणते, पाळी १ जानेवारीला आली होती. ९ जुलैला ती कळा घेऊन येते, म्हणजे बरोबर २७ आठवडे. पण फाईलमध्ये १२ मार्चची सोनोग्राफी आहे आणि तिच्यात गर्भ ८ आठवड्यांचा दिसतो. पाळीच्या हिशेबाने तो तेव्हा १० आठवड्यांचा हवा होता. पहिल्या तिमाहीत एवढा फरक पडला, तर सोनोग्राफीच धरायची. मग आज भरतात २५ आठवडे. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून मात्र असा हिशेब करू नकोस, तेव्हा दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते.

या दोन आठवड्यांनी बरंच बदलतं. २०१३ ते २०१८ या काळात अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांत जिवंत जन्मलेल्या बाळांपैकी घरी गेली ती अशी: २२ आठवड्यांची शंभरात अकरा, २३ ची जवळपास निम्मी, २८ ची चौऱ्याण्णव. चढ सुरुवातीलाच सगळ्यात उभा आहे, ३२ नंतर तो जवळपास सपाट होतो. हे आकडे आपल्या जिल्हा रुग्णालयाचे म्हणून कुणाला सांगू नकोस, ते माझ्या मते अन्यायाचं आहे. तिथे आपल्याच वॉर्डाची नोंदवही उघड.

त्या आईला लगेच डेक्सामेथासोन सुरू करायचं: ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, चार डोस. फुप्फुसं उघडी ठेवणारा सर्फॅक्टंट या वयात पुरेसा तयार झालेला नसतो, त्याची तयारी या औषधाने लवकर होते. प्रसूती तोंडावर आली नसेल, तर बाळ पोटात असतानाच तिला मोठ्या केंद्रात हलवायला सांग. जन्मानंतर ॲम्ब्युलन्समधून नेलेल्या बाळाचं अंग वाटेतच गार पडतं.

आणि ३५ आठवड्यांच्या, सव्वादोन किलोच्या, गुबगुबीत बाळाला बघून निर्धास्त होऊ नकोस. ते जगतं, पण दोन-चार घोट ओढून झोपी जातं, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ नुकताच बसू लागलेला असतो. आई म्हणते, "शांत आहे हो, रडतच नाही." तेव्हा तळपायाला हात लावून बघ, साखर तपास, लघवी किती वेळा झाली ते विचार. कावीळही अशा बाळाची रेंगाळते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी वर चढते. म्हणून त्याला दुसऱ्या दिवशी घरी सोडायचं नाही, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी.

तुझी,
मॅडम