मुख्य मेल सर्व्हर व्यवस्थित चालू असतानाही २० नंबरच्या बॅकअप एमएक्सवरून रोज स्पॅम येतो. असं का होतं, आणि हा बॅकअप ठेवावा की काढावा?

काढा. तो बॅकअप तुमच्या स्वतःच्या ताब्यात नसेल, म्हणजे लाइन किंवा डोमेन देणाऱ्याने सोबत फुकट दिलेला असेल, तर आजच काढा.

नियमाने चालणारा सर्व्हर सगळ्यात लहान आकड्याच्या एमएक्सपासून सुरुवात करतो आणि तिथे दाद मिळाली नाही तरच पुढच्याकडे जातो. स्पॅम पाठवणारा हा नियम पाळत नाही. तो मुद्दाम मोठा आकडा धरतो, कारण तिथल्या मशीनला तुमच्याकडे कोणकोणते मेलबॉक्स आहेत हे सहसा माहीतच नसतं. तुमच्या डोमेनचा कुठलाही पत्ता दिला तरी ते २५० म्हणून मेल घेतं. खरी गोम मात्र पुढे आहे. बॅकअप तो मेल तुमच्या मुख्य सर्व्हरकडे आणतो तेव्हा जोडणी बॅकअपच्या आयपीवरून आलेली असते. मूळ स्पॅमरचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये असला तरी तुमच्या सर्व्हरला तो दिसतच नाही. ग्रेलिस्टिंग लावलं असेल तर बॅकअप इमानाने थांबून पुन्हा येतो आणि पास होतो. एसपीएफ तपासायला जावं तर खरे मेलसुद्धा नापास होतात, कारण पाठवणाऱ्याच्या एसपीएफमध्ये तुमच्या बॅकअपचा आयपी कसा असेल? म्हणून शेवटी प्रत्येक जण बॅकअपचा आयपी विश्वासाच्या यादीत टाकतो. पोस्टफिक्समध्ये बहुतेक वेळा सरळ `mynetworks` मध्येच. त्या क्षणी तुम्ही घराला मागचं दार ठेवलेलं असतं आणि त्यावर पाटी डीएनएसमध्ये लावलेली असते.

तुमच्याकडे हेच चाललंय का ते पाहायचं असेल तर मुख्य सर्व्हर अजिबात बंद न पडलेला एखादा आठवडा घ्या आणि त्याच्या लॉगमध्ये बॅकअपचं नाव शोधा.

```
grep ': connect from mx2.example.net' /var/log/mail.log | wc -l
grep 'RCPT from mx2.example.net' /var/log/mail.log | grep '550 5.1.1'
```

पहिला आकडा अगदी शून्य नसेल. मधल्या नेटवर्कमध्ये क्षणभर गडबड झाली की एखादा चांगला सर्व्हरही २० कडे वळतो. पण तो शेकड्यांत असेल तर ती वाहतूक स्पॅमचीच. दुसऱ्या कमांडमध्ये जे दिसेल ते जास्त वाईट आहे. बॅकअपने घेतलेला मेल तुमच्या सर्व्हरने "असा मेलबॉक्स नाही" म्हणून नाकारला, आता बॅकअपच्या गळ्यात तो मेल अडकला. तो बाउन्स तयार करून पाठवणाऱ्याला धाडतो, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो. म्हणजे ज्याने काहीच पाठवलं नाही अशा तिऱ्हाइताला तुमच्या नावाने बाउन्स जातो. अशा बाउन्सवरून मशीनं ब्लॅकलिस्टमध्ये जातात, आणि ती वेळ तुमच्या बॅकअपवरही येते.

हे मी इतक्या तावातावाने लिहितोय कारण यावरून माझं ऑफिसात कडाक्याचं भांडण झालं होतं आणि मी अजूनही माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

मी तेव्हा चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सिस्टिम बघायचो. मेल सर्व्हर आमच्याच इमारतीत, पोस्टफिक्सवर. लाइन देणाऱ्या कंपनीने बॅकअप एमएक्स मोफत दिला होता. स्पॅम त्यातूनच येतो हे लॉग काढून मी आमच्या मॅनेजरना दाखवलं आणि तो रेकॉर्ड काढायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "अरे, फुकटचा बॅकअप कोण सोडतं? लाइन गेली तर मेल कुठे जातील?" मी म्हणालो, "साहेब, कुठेही जाणार नाहीत. पाठवणाऱ्याच्या क्यूमध्ये थांबतील." त्यांना ते पटलं नाही. मेल दुसऱ्याच्या मशीनवर थांबतो ही गोष्ट त्यांना बेभरवशाची वाटायची, आणि बॅकअपही दुसऱ्याचंच मशीन आहे हे काही केल्या ध्यानात येत नव्हतं.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली. दुरुस्त व्हायला सोमवारची दुपार उजाडली. लाइन आली, बॅकअपकडून मेल यायला लागले, मॅनेजर खूश. मंगळवारी एका मोठ्या ग्राहकाच्या खरेदी विभागातून फोन आला की शुक्रवारी रात्री पाठवलेल्या सुधारित शेड्यूलप्रमाणे माल का निघाला नाही. आमच्याकडे ते शेड्यूल आलंच नव्हतं. ग्राहकाच्या आयटीवाल्याने त्यांच्या सर्व्हरचा लॉग पाठवला. त्यात स्वच्छ दिसत होतं: शुक्रवारी रात्री आमच्या १० नंबरला जोडणी लागली नाही, मग २० नंबरने २५० देऊन मेल घेतला. ग्राहकाच्या सर्व्हरच्या दृष्टीने काम तिथेच संपलं. त्याने तो मेल आपल्या क्यूमधून काढून टाकला.

लाइनवाल्यांच्या सपोर्टला बराच वेळ धरून बसल्यावर कारण कळलं. त्यांच्या बॅकअपवर क्यूची मुदत एक दिवसाची ठेवली होती. का, तर कुठेच न पोचणाऱ्या बाउन्सनी त्यांची क्यू सतत तुंबायची, म्हणून त्यांनी मुदत कापली. मूळ कारण पुन्हा तेच, वाटेल त्या पत्त्याचा मेल घेणं. शेड्यूलचा मेल शनिवारी रात्री मुदत संपून बाउन्स झाला आणि बाउन्स गेला ग्राहकाच्या अशा मेलबॉक्सला, जो आपोआप मेल पाठवण्यासाठीच होता. तो कोणी वाचतच नव्हतं. ग्राहकाच्या सर्व्हरवर मुदत पाच दिवसांची होती. बॅकअप नसता तर तो मेल त्यांच्याकडेच थांबला असता आणि सोमवारी आमच्याकडे आला असता.

मॅनेजरचं त्यावरही उत्तर होतं: "निदान बाकीचे तरी वाचले ना?" म्हणून मी सोमवार-मंगळवारचे मेल एकेक करून पाहिले. बॅकअपवर त्या दोन-तीन दिवसांत स्पॅमची इतकी गर्दी होती की तो अधूनमधून ४२१ देऊन नव्या जोडण्या परतवत होता. ज्यांना त्याने असं परतवलं त्यांचे मेल त्यांच्याच सर्व्हरवर राहिले, आणि माझ्या हाती ज्यांचे लॉग आले ते सगळे सोमवारी संध्याकाळपर्यंत सरळ आमच्याकडे पोचले. शुक्रवार-शनिवारी ज्यांना त्याने आत घेतलं त्यांचे गेले, रविवारी दुपारनंतर घेतलेले तेवढे वाचले. माझ्या दृष्टीने वाद तिथे मिटायला हवा होता. मिटला नाही. रेकॉर्ड माझ्यानंतर आलेल्या माणसाने काढला असं ऐकलं.

तर मुद्दा हा की बॅकअपने मेल घेतला की पाठवणाऱ्याची चिकाटी संपते आणि बॅकअपची चिकाटी लागू होते. ती जास्त असेल तरच बॅकअपला अर्थ आहे. आरएफसी ५३२१ पाठवणाऱ्याला साधारण चार-पाच दिवस प्रयत्न करायला सांगतं, पोस्टफिक्सची मूळ मुदतही पाच दिवसांची आहे. तुमचा बॅकअप याहून कमी थांबत असेल तर तो मेल हरवण्याचा धोका वाढवतो.

स्वतःचा बॅकअप चालवायचाच असेल तर तो वेगळ्या जागी, वेगळ्या लाइनवर ठेवा आणि त्यावर निदान एवढं हवंच:

```
relay_domains = example.com
relay_recipient_maps = hash:/etc/postfix/relay_recipients
maximal_queue_lifetime = 10d
```

यातली मधली ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती रिकामी सोडली तर पोस्टफिक्स त्या डोमेनचा वाटेल तो पत्ता स्वीकारतो. खऱ्या पत्त्यांची यादी मुख्य सर्व्हरवरून रोज आपोआप बॅकअपवर गेली पाहिजे. हाताने करायचं ठरवलं तर महिन्याभरात नवा माणूस रुजू होतो, यादीत त्याचं नाव घालायचं राहून जातं, आणि लाइन गेलेल्या दिवशी बॅकअप त्याचे खरे मेल कायमचे नाकारतो. ब्लॅकलिस्ट, एसपीएफ, मजकुराची चाळणी हे सगळं मुख्य सर्व्हरवर जसं आहे तसंच बॅकअपवर लावा, कारण पाठवणाऱ्याचा खरा आयपी फक्त त्यालाच दिसतो. मुख्य सर्व्हरवर बॅकअपला ब्लॅकलिस्ट आणि एसपीएफच्या तपासणीतून सूट द्या, पण `mynetworks` मध्ये टाकू नका. तिथे टाकलं की त्याला तुमच्यामार्फत बाहेर मेल पाठवायचीही मुभा मिळते. एवढं सांभाळायची तयारी नसेल तर बॅकअपच्या फंदात पडू नका.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळेच पाच दिवस थांबत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरची मूळ मुदत दोनच दिवसांची असते, त्यामुळे तुमचे ग्राहक तसे असतील आणि तुमची लाइन शनिवार-रविवार धरून जात असेल, तर नीट चालवलेला बॅकअप कामाचा आहे. एखादं यंत्र किंवा जुनी स्क्रिप्ट थेट मेल पाठवते आणि नाही गेला तर सोडून देते, तिथेही तो उपयोगी पडतो. शिवाय लाइन परत आल्यावर दुसऱ्यांचे सर्व्हर आपापल्या वेळेने येतात. पोस्टफिक्समध्ये दोन प्रयत्नांतलं अंतर वाढत वाढत ४००० सेकंदांपर्यंत जातं, इतरांत त्याहून जास्तही असतं. स्वतःच्या बॅकअपवर `postqueue -f` दिलं की थांबलेले मेल लगेच सुटतात. दिवसभर ऑर्डरी मेलवर घेणाऱ्याला याची किंमत कळेल. आणि तुमचा मेल एखाद्या मोठ्या सेवेकडे असेल आणि एमएक्सची दोन-चार नावं त्यांचीच असतील, तर हे सगळं तुम्हाला लागू नाही. ती एकाच यंत्रणेची वेगवेगळी नावं असतात, त्यांना हात लावू नका.

काढायचं ठरलं तर नुसता डीएनएसमधला रेकॉर्ड काढून भागत नाही. स्पॅमर जुना पत्ता धरून महिनोन्‌महिने येत राहतात आणि बॅकअपवर तुमचं डोमेन नोंदलेलं असेल तोवर तो मेल घेऊन तुमच्याकडे ढकलतच राहतो. रेकॉर्ड काढल्यावर जुन्या टीटीएलची मुदत जाऊ द्या, क्यूमध्ये अडकलेलं निघू द्या, मग देणाऱ्याला त्यांच्या रिले यादीतून तुमचं डोमेन काढायला लावा आणि तसं त्यांच्याकडून लिहून घ्या. त्याच दिवशी तुमच्या मुख्य सर्व्हरवरून त्यांच्या आयपीला दिलेली सूटही काढा.