शब्दचौकट स्पर्धा: एकच घर दोनदा वापरलेले शब्द कसे ओळखायचे?

प्रश्न: फोंड्याजवळ आमच्या वाचनालयात पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी ४ × ४ अक्षरांच्या चौकटीतून शब्द शोधायची स्पर्धा ठेवतोय. गेल्या वर्षी 'कनक' बरोबर की चूक यावरून पालक आणि परीक्षक भांडले. तपासणी कशी करावी?

उत्तर: वाचून थांबलोच, कारण याच शब्दाने आम्हालाही छळलं होतं. शेजारचं घर म्हणजे आडवं, उभं आणि तिरकं, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यामुळे ते सोडतो.

मराठीत हा वाद हटकून होतो. कनक, नयन, जलज, मामा, काका अशा शब्दांत तेच अक्षर परत येतं. मूल क वरून न वर जातं आणि त्याच क वर परततं. त्याच्या दृष्टीने तीन अक्षरं जुळली, शब्दही खरा, मग गुण का नाहीत?

ही चौकट बघा:

```
क   म   ल   स
न   व   र   ण
य   ग   दी  प
मा  जी  ता  क
```

माझी पद्धत अशी. घरांना डावीकडून उजवीकडे, ओळीने १ ते १६ क्रमांक छापा, आणि मुलांना प्रत्येक शब्दापुढे त्याची वाट आकड्यांत लिहायला लावा. कमल १-२-३. गरम १०-७-२. दीपक ११-१२-१६. नवरस ५-६-७-४. आता कनक लिहून बघा: १-५-१. एक आकडा दोनदा आला, शब्द बाद. नयन ५-९-५, तोही बाद. चौकटीत दुसरा क आहे, पण तो १६ व्या घरात, ५ पासून लांब, म्हणून कनक तरीही होत नाही. तो ६ व्या घरात असता तर १-५-६ अशी वाट मिळून शब्द ग्राह्य झाला असता. म्हणजे 'कनक चालतो का' याला सरसकट उत्तर नसतं, ते त्या चौकटीवर ठरतं.

आकडे तपासताना एक फसगत होते. शेजारच्या घरांच्या क्रमांकांत १, ३, ४ किंवा ५ चा फरक असतो, पण एवढ्यावर विसंबू नका. ४ आणि ५ बघा. फरक एकचा, पण स पहिल्या ओळीच्या शेवटी आणि न दुसरीच्या सुरुवातीला. 'सन' हा शब्द आकड्यांत सरळ दिसतो आणि चौकटीत अजिबात होत नाही. ८-९ आणि १२-१३ चंही तसंच. परीक्षकाने बोट ठेवूनच बघावं. 'गरम' होतो पण 'मगर' होत नाही, कारण २ वरून १० वर उडी पडते.

आमचं सर्वांत मोठं नुकसान केलं ते आयोजकांच्या कार्यालयाने. कुठलं ते सांगत नाही. 'एका शब्दात एक घर एकदाच' ही ओळ मी लेखी दिली होती. पत्रकात जागा नाही म्हणून तिथे ती गाळली, आणि मला कळवलंही नाही. मग एका परीक्षकाने कनकला गुण दिले, दुसऱ्याने कापले. जी मुलं नियम समजून गप्प राहिली होती ती मागे पडली. फेरतपासणीसाठी अर्ज केला, तर 'निकाल जाहीर झाला' एवढंच उत्तर. त्या मुलांबद्दल मला अजून वाईट वाटतं. म्हणून छापायला जाण्याआधीची शेवटची प्रत स्वतः वाचा, आणि नियमाखाली १-५-१ चं उदाहरण छापाच.

बाकी माझी मतं, पटली तर घ्या. बॉगल या मूळ इंग्रजी खेळात किमान तीन अक्षरं लागतात. मराठीत मात्र ताक, वय, माजी असे दोन अक्षरी शब्द मी घेतो, फक्त गुण कमी देतो. मात्रा जशी छापली तशीच धरावी, दी चा दि करायचा नाही. चौकट तुम्ही स्वतः रचत असाल तर र, व, न सारखी अक्षरं मधल्या चार घरांत ठेवा. मधल्या घराला आठ शेजारी असतात, कडेच्याला पाच, कोपऱ्याला तीनच. वरच्या चौकटीत र मध्ये आहे म्हणून वरण, मरण, परम, सरण, नगर हे सगळे निघतात. जी, मा अशी अक्षरं कडेला गेली तरी चालतं.

आपल्याकडे बरीच मुलं घरी कोंकणी बोलतात आणि तेच शब्द लिहितात. ते घ्यायचे की नाही हे आधीच ठरवून कुठला शब्दकोश प्रमाण तेही पत्रकावर लिहा. मी स्वतः लहान मुलांच्या गटात घेतो, मोठ्यांच्या गटात नाही. तुमच्या परीक्षकांचं मत वेगळं असू शकतं.