संकष्टी, मधुमेहाची गोळी आणि चंद्रोदयापर्यंतचे तास

प्रश्न: आई ६३ वर्षांची आहे, आम्ही गुहागरजवळ राहतो. ती दर संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपवास करते, फराळ चालतो. मधुमेहाची गोळी सकाळी घ्यावी का? उपवासाच्या दुसऱ्या दिवशी साखर वाढलेली दिसते, असं का?

उत्तर: मी रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी असे पेशंट नेहमी येतात. आधी आईच्या गोळीच्या पाकिटावरची नावं वाचा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर फार उतरायची भीती कमी, ती गोळी फराळासोबत चालू ठेवता येते. पण सोबत ग्लिमेपिराइड असेल तर काळजी घ्यावी लागते. पोटात अन्न असो वा नसो, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तिचा असर जवळपास दिवसभर राहतो.

माझ्या एका पेशंट काकूंचं सांगतो. सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० अशी एकत्र गोळी, रात्री नुसतं मेटफॉर्मिन. संकष्टीला त्या गोळी घ्यायच्या, चहा आणि एक केळं खायच्या, दुपारी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. साखर झपकन चढते आणि तीन-चार तासांत ओसरते. गोळी मात्र काम करतच असते. साडेपाच-सहाच्या सुमारास हात थरथरायचे, दरदरून घाम यायचा. घरचे म्हणायचे, उपवासाचा थकवा आहे, थोडं पडा. एकदा सुनेने तेव्हाच तपासलं, ५८ निघाली. मग साडेनऊला चंद्रदर्शन, चार-पाच उकडीचे मोदक, वर वरणभात. सकाळी उपाशीपोटी साखर २३०. ती बघून त्यांनी पुढच्या संकष्टीला गोळी वाढवायचं ठरवलं होतं. साखर उतरते संध्याकाळी, आपण तपासतो सकाळी, म्हणून दिसतं फक्त वाढलेलं. तुमच्या आईचंही बहुधा हेच होत असावं.

त्यांच्यासाठी ठरवलं ते असं. एकत्र गोळी मोडायची नाही, कारण त्यात मेटफॉर्मिन सावकाश सुटणारं असतं आणि मोडल्यावर ते एकदम सुटतं. म्हणून संकष्टीपुरत्या दोन्ही गोळ्या वेगळ्या लिहून दिल्या. मेटफॉर्मिन सकाळच्या फराळासोबत आणि रात्री जेवणासोबत. सकाळचं ग्लिमेपिराइड बंद, त्याऐवजी १ मिलिग्रॅम चंद्रोदयाच्या जेवणाआधी, तेही साखर १०० च्या वर असेल तरच. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर बघून नेहमीचा डोस. हा हिशेब त्यांच्यापुरता, त्यांची किडनी व्यवस्थित होती म्हणून. आईचा डोस तिच्या डॉक्टरांकडून आठवडाभर आधी ठरवून घ्या. इन्सुलिन चालू असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा आराखडा मुळीच वापरू नका.

खाण्यात मोठी चूक एकच होते, दुपारनंतर चंद्रोदयापर्यंत काहीच नाही. दर चार तासांनी थोडं पोटात जायला हवं. दुपारी खिचडीऐवजी एक वाटी वरीचा भात, त्यावर घट्ट दाण्याची आमटी. वरीनेही साखर चढते, म्हणून वाटी एकच. पण दाण्यांमुळे ती सावकाश चढते. पाचला अर्धं उकडलेलं रताळं, मूठभर भाजलेले दाणे आणि ताक. हा पाचचा फराळ चुकवू नका. रात्री मोदक एक, फार तर दोन, आणि मोदक खाल्ला तर भात कमी.

तपासणी चार वेळा: सकाळी, पाचच्या फराळाआधी, चंद्रोदयाच्या जरा आधी आणि जेवणानंतर दोन तासांनी. पट्ट्या कमी असतील तर मधल्या दोन सोडू नका. बोट टोचल्याने उपवास मोडत नाही, हे आईला आवर्जून सांगा. आणि टोचण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. मोदकाचं सारण ढवळलेल्या बोटाला गूळ लागलेला असतो, त्याने आकडा खोटा वाढतो आणि उतरलेली साखरही चांगली दिसते.

७० च्या खाली आली तर उपवास तिथेच सोडायचा. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. मोदक किंवा पेढा नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या, वर आली की काहीतरी खायला द्या. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर काही तासांनी परत उतरू शकते, म्हणून त्या रात्री आईला एकटं झोपवू नका आणि झोपण्याआधी एकदा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या. ३०० च्या वर गेली तरी उपवास थांबवून डॉक्टरांना फोन करा.

ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर साखर उतरल्यावर धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम तेवढा येतो. संध्याकाळी पंख्याखाली बसूनही आईच्या मानेला घाम दिसला तर लगेच मशीन काढा.